एक्केचाळिसावा दिवस

मी तोंडाची फटकळ आहे आणि हे मी कौतुकाने सांगत नाही. नागपूरच्या प्रताप नगरात औषधाच्या दुकानाच्या वर माझं छोटं क्लिनिक आहे. दोन खोल्या, एक पंखा जो कुरकुरतो आणि एक जो फिरतच नाही. मी मानसतज्ज्ञ. गोळ्या मी लिहीत नाही, त्यासाठी दोन गल्ल्या पलीकडे माझे एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र आहेत. माझं काम बोलायचं आणि ऐकायचं. एका माणसाच्या बाबतीत मी बोलले जास्त आणि ऐकलं कमी, त्याची ही हकिकत. त्या घराची ओळख पटू नये इतके तपशील मी यात बदलले आहेत.

आधी माझा राग सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमच्या भागातल्या भिंती पाहिल्यात कधी? एसटी स्टँडपासून उसाच्या रसाच्या गाडीमागच्या कुंपणापर्यंत ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘जवानी की भूल’. या भिंतींनी घाबरवलेले पुरुष वर्षानुवर्षं माझ्याकडे येत आले. कुणाला वाटतं हस्तमैथुनाने हाडं पोकळ होतात. कुणाला वाटतं रोज इच्छा होते म्हणजे आपण राक्षस. एका नवऱ्याला तर त्याच्या आईने धरून आणलं होतं, सून तक्रार करत नव्हती, आईच करत होती! सुनेला बाजूला घेऊन विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, ‘मले काही तरास नाही जी, सासूबाईलेच झोप येत नाही.’ त्या नवऱ्याला मी सांगितलं, घरी जा, सुखात राहा, आणि आईची खोली बदला.

असे अनेक. त्यांच्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं: आकड्याला आजार म्हणत नाहीत. दिवसातून किती वेळा, आठवड्यातून किती वेळा, यावरून काही ठरत नाही. काहींची भूक मुळात मोठी असते. तसा माणूस दाबून जेवतो, चवीने जेवतो आणि हात धुऊन कामाला लागतो. वाक्य खरं आहे, आजही खरं आहे. पण खरं वाक्य फार वेळा बोललं की माणूस त्याच्या आड उभा राहायला लागतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तो दिवाळीनंतर आला, बायकोला घेऊन. वय पस्तिशीचं, उन्हाने रापलेला, हातावर ग्रीसचे डाग. मूळचा नरखेड तालुक्यातला, घरची संत्र्याची बाग भावाकडे. हा नागपुरात एका पंप विकणाऱ्यांकडे दुरुस्तीला होता. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी बंद पडल्या की मोटरसायकलवर गावोगाव जायचं. बायको शिक्षिका, लहान मुलगी झाल्यापासून घरी होती. तिला नुकतंच भिवापूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. जायचं तर मुलीला घेऊन तिथेच खोली करून राहायचं, म्हणजे घराचे दोन भाग. रोजच्या भांडणांमुळे ते दोन भाग कायमचे होतील हे तिघांनाही कळत होतं, त्या दोघांना आणि मला.

बायको सरळ बोलली. मला आवडली ती.

‘मॅडम, मले एकच सांगा. ह्यायचा हा स्वभाव आहे का आजार आहे? आजार असन तं मी भिवापूरले नाही जात. इलाज करू, जे लागन ते करू. पण मले कोणी सांगन तं पायजे नं.’

तो मान खाली घालून बसला होता. त्याने सांगितलं ते असं: डोक्यात सारखं तेच येतं, दिवसातून चार-पाच वेळा मोबाइलवर तसले व्हिडिओ लावून बसतो, बायकोला त्रास होतो एवढी मागणी करतो. ‘मले माहीत आहे मी वाईट माणूस आहो,’ म्हणाला. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या आतली ती भिंतीवर चिडलेली बाई जागी झाली.

मी माझं काम केलं, अगदी केलं नाही असं नाही. झोप कमी होऊनही अंगात अचानक उधाण येतं का, बडबड, मोठमोठे बेत, वारेमाप खर्च? हे विचारायचं असतं, कारण मनाच्या तेजीच्या आजारातही कामेच्छा अशी उफाळते. नाही म्हणाला. दारू? लग्नात एखादी. मेंदूच्या आजारावरची, हातपाय थरथरण्यावरची काही औषधं? काही नाही. कामावर परिणाम? ‘कामावर जातो नं रोज,’ म्हणाला. मी ‘रोज जातो’ असं लिहून घेतलं. जाऊन काय करतो हे विचारलं नाही.

मग मी तो मोठा प्रश्न विचारला. ‘ठरवलं तर थांबवता येतं का?’

त्याने पहिल्यांदा मान वर केली. ‘येते नं. मागच्या हिवाळ्यात चाळीस दिवस काहीच नाही केलं. मोबाइल नाही, काही नाही. हिलेबी हात नाही लावला. बागेचं पाणी नाही का तोडत आपण? तसं सोताचंच पाणी तोडलं.’

मी हसले. मनापासून हसले, कारण मी बागवाल्याची पोर आहे. आमचीही नरखेडकडेच संत्र्याची बाग होती. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, वळतात, थोडी गळतात. कुणी नवख्याने पाहिलं तर म्हणेल बाग मेली. जमीन पाहून महिना, दीड महिना असं ठेवायचं आणि नेमक्या दिवशी पाणी सोडायचं. हा परका माणूस माझ्याच मातीतली उपमा घेऊन बसला होता आणि मला तो एकदम घरचा वाटला.

चाळीस दिवस! मी मनात म्हटलं, ज्याला व्यसनासारखं झालंय तो चाळीस दिवस राहील का? मग ताबा आहे. ताबा आहे म्हणजे आजार नाही. भूक मोठी आहे, बायकोची तेवढी नाही, आणि मधे भिंतीवरच्या जाहिरातींनी भरलेली लाज. सगळं कसं चटकन जागेवर बसलं. फार चटकन बसलेलं तपासून पाहावं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते.

जोडपं आलं की प्रत्येकाशी वेगळं, एकट्याने बोलायचं, हा साधा नियम आहे. तोही मी मोडला. माझं ठरलं होतं.

‘हा आजार नाही,’ मी सांगितलं. ‘हे नैसर्गिक आहे. तुम्ही वाईट नाही. दोघांच्या इच्छेत फरक आहे, त्यावर आपण बोलून मार्ग काढू.’ आणि बायकोकडे वळून, न विचारता, हेही म्हणाले, ‘यासाठी घराचे दोन भाग करायची गरज मला दिसत नाही.’ हे म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. तिने स्वभाव की आजार एवढंच विचारलं होतं.

तो रडला. सुटल्यासारखा रडला. मला वाटलं, एक माणूस आज मोकळा केला.

ते जिना उतरले आणि दोन मिनिटांनी ती एकटी परत आली. छत्री विसरली म्हणाली. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता आणि छत्री तिच्या पिशवीतून डोकावत होती. दारातच उभी राहून म्हणाली, ‘मॅडम, ते चाळीस दिवस खरे आहेत. पण त्याच्यानंतर...’

पुढचा पेशंट बाहेर खोकत होता. मी तिचं वाक्य तिथेच तोडलं. ‘ताई, थोडा विश्वास ठेवायला शिका.’

ती ‘हो’ म्हणाली आणि गेली. दोन-तीन बैठकांना ते दोघं आले, मग यायचे थांबले. मी समजले, जमलं असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझी तर अख्खी गाडीच रिकामी चालली होती आणि मी घुंगरं वाजवत होते.

चौदा महिन्यांनी ती आली. फेब्रुवारी होता. मी आधी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. खुर्चीत बसली आणि हातातला कागद माझ्यासमोर सरकवला. रक्ताचा रिपोर्ट होता, सिफिलिसचा. तिला दुसरं मूल राहिलं होतं, पहिल्याच तपासणीत निघाला. इंजेक्शन सुरू झालं होतं, वेळेत कळलं म्हणून बाळ सुटेल अशी आशा डॉक्टरांनी दिली होती. मी तो कागद वाचत राहिले, चार ओळींचा कागद वाचायला किती वेळ लागतो!

‘मोबाइल नव्हता फक्त,’ ती म्हणाली. ‘बाया होत्या. लॉजवर. पहिल्यापासून होत्या.’

मग तिने सांगितलं. तो कामाला निघायचा हे खरं. पण गावातल्या मोटारी तशाच पडून राहायच्या आणि हा बर्डीच्या बाजारातल्या कुठल्यातरी लॉजच्या खोलीत. कामावरून आधी दोनदा समज मिळाली होती, मला भेटायच्याही आधी. नंतर गेल्या महिन्यात एका बागवाल्याची मोटार बंद पडली. त्याने पाणी तोडलेलं, बाग पार वळलेली, पाणी सोडायचा दिवस आलेला आणि मोटार चालेना. चार दिवस तो माणूस फोन लावत होता. हा ‘निघालो, निघालो’ म्हणायचा, मग फोन बंद. त्या झाडांच्या फांद्या सुकल्या, बहार गेला. बागवाला दुकानात येऊन ओरडला आणि याला कामावरून काढलं.

‘अन् तुम्ही?’ मी विचारलं. ‘तुम्ही इतके दिवस काही...’

‘मी बोलली नं. दरवेळी बोलली. दरवेळी हे म्हणत, मॅडम बोलल्या नैसर्गिक आहे, तुलेच समजून नाही राहिलं वं. मग मी चूप. शिकलेली बाई सांगते तं माह्यातच काही कमी असन. भिवापूरची जागा तं तवाच गेली.’

माझं वाक्य. त्या घरात ते चौदा महिने वापरलं गेलं होतं आणि वापरणाऱ्याने चोरलंही नव्हतं, मीच हातात दिलं होतं. मला तिथे तिच्यासमोर रडू येत होतं आणि रडायचाही हक्क नाही असं वाटत होतं. मी माफी मागितली. ती ‘राहू द्या’ म्हणाली. राग असता तर सोसला असता, तिच्यात तेवढाही उरला नव्हता. मी त्या मानसोपचारतज्ज्ञ मित्रांना फोन केला आणि तिला म्हटलं, नवऱ्याला घेऊन या, या वेळी मी नीट बघते.

दोन दिवसांनी दोघं आले. या वेळी मी नियमाने वागले. आधी तो एकटा.

मी वहीतलं मागचं पान उघडलं. ‘मागच्या वेळी तुम्ही चाळीस दिवसांचं सांगितलं होतं. एक्केचाळिसाव्या दिवशी काय झालं?’

तो ताबडतोब बोलायला लागला. जणू प्रश्नाचीच वाट पाहत होता.

‘सकाळी डबा घेऊन निघालो. सावनेरकडची मोटार होती. रस्त्यात गाडी वळवली, लॉजवर गेलो. अकराले. पाच वाजेपर्यंत तिथंच. मंग दुसऱ्या दिवशीबी, तिसऱ्या दिवशीबी. आठ दिवस कामावर नाही गेलो, पोरीले ताप होता तरी फोन नाही उचलला.’

‘बरं वाटत होतं?’

‘कायचं बरं वाटते, मॅडम? पहिल्या दिवशी बारा वाजतापासूनच घरी जावंसं वाटून राहिलं होतं. मजा तं कवाचीच गेली. पण उठताच येत नव्हतं. अन् घरी आलो का सोताची किळस, अन् ते गेलं पायजे म्हणून पुन्हा तेच.’

‘असं किती वेळा पाणी तोडलं?’

त्याने बोटं मोजली. सात वेळा. कधी दहा दिवस, कधी वीस, एकदा चाळीस. दरवेळी सुटल्यावर आधीपेक्षा जास्त.

‘मागच्या वेळी हे का नाही सांगितलंत?’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. ‘तुम्ही विचारलं नाही नं. मले वाटलं, चाळीस दिवस ऐकून तुम्ही एवढ्या खूश झाल्या, तं तेच महत्त्वाचं असन.’

काखेत कळसा अन् गावाला वळसा. माझे वडील बागेत हिंडताना म्हणायचे, ‘पाणी तोडलं म्हणजे झाड मानलं असं नाही वं बाई. ते दम धरून राहिलं आहे.’ पाणी तोडतात ते झाडाने फुलायचं सोडावं म्हणून नाही, सगळ्या फांद्या एकदम फुलाव्यात म्हणून. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. चाळीस दिवसांची बाग पाहून पुढे काय येणार हे न ओळखणारी बागवाल्याची पोर तालुक्यात मीच एक असेन.

मोठी भूक असलेला माणूस पुढे ढकलू शकतो, आणि मग निवांत जेवतो. मुलीला ताप असला तर ताटावरून उठतो. याला उठता येत नव्हतं. वर्षानुवर्षं थांबायचे प्रयत्न, ते फसणं, काम जाणं, घर मोडणं, आजार लागणं, आणि तरी तेच, सुख उरलेलं नसताना तेच. लाज फक्त लोक काय म्हणतील म्हणून नव्हती. यातलं बरंचसं त्याच्याकडे पहिल्या दिवशीही होतं. मी ‘किती वेळा’ विचारलं आणि ‘थांबता येतं का’ विचारलं. थांबल्यावर काय होतं, आणि त्यापायी काय काय बुडालं, हे विचारलं नाही.

नंतर तिला एकटीला बोलावलं. तिने तेच सांगितलं, एक्केचाळिसावा दिवस तिलाही पाठ होता. छत्रीच्या वेळी ती तेच सांगायला आली होती.

शेवटी दोघांना समोर बसवलं. कुरकुरणारा पंखा मी बंद केला.

‘मॅडम, आता सांगा,’ ती म्हणाली. प्रश्न तोच. ‘स्वभाव आहे का आजार आहे?’

‘आजार आहे,’ मी म्हटलं. ‘मी चुकले होते. स्वतःवरचा ताबा सुटण्याचा आजार आहे. याला उपचार आहेत. वेळ लागतो, गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, आणि दर आठवड्याला बसून काम करावं लागतं. पुष्कळ लोक सावरतात.’

तो तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला बघवेना. ‘ऐकलं? आजार आहे म्हणतात. इलाज आहे म्हणतात.’

तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग माझ्याशी बोलली, त्याच्याशी नाही.

‘मॅडम, मी तवाच बोलली होती, आजार असन तं मी थांबीन. आजार म्हणून सांगतलं असतं तं मी ह्यायच्या संग उभी राहिली असती. दवाखान्यात बसली असती, गोळ्या हातानं देल्ल्या असत्या. तुम्ही स्वभाव म्हणाल्या, म्हणून मी सहन केलं. चौदा महिने सहन करण्यात सारं सरलं. आता तुम्ही आजार म्हणता, अन् माह्यापाशी द्याले काहीच नाही राहिलं.’

मी म्हणाले, इतक्यात काही ठरवू नका. तिने ऐकून घेतलं. माझं ऐकून घ्यायची तिला सवय झाली होती. मग उठली आणि मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून निघाली. त्या आठवड्यात ती माहेरी गेली. बाळ व्यवस्थित झालं एवढं मला नंतर तिच्या डॉक्टरांकडून कळलं.

तो खुर्चीतच बसून होता. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरला. मग त्याने विचारलं, ‘पुढच्या मंगळवारी मी एकटाच येऊ का?’

‘या,’ मी म्हटलं.

तो सहा मंगळवार आला. वेळेवर यायचा, गोळ्या घ्यायचा, वहीत लिहून आणायचा. सहाव्या मंगळवारी हसत आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, ‘मॅडम, आज चाळीस दिवस झाले.’

मी त्याला बसवलं, आणि उद्याचा अख्खा दिवस, सकाळच्या डब्यापासून, तासातासाने कागदावर मांडायला घेतला. कुठे जाणार, कुणाबरोबर, मन ओढलं तर फोन कुणाला लावणार. फोन कुणाला, या रकान्याशी तो अडला. तिचं नाव त्याने लिहिलं, खोडलं, आणि पेन माझ्याकडे परत दिलं.

सातव्या मंगळवारी मी त्याची वेळ मोकळी ठेवून बसले. तो आला नाही. फोन लावला, तो बंद होता.